जिमची वर्षाची फी आणि पलंगाखालचे डंबेल्स

आवाज येतोय ना सगळ्यांना? मागे कुकरची शिट्टी झाली तर दुर्लक्ष करा, आमच्याकडे ही वेळ डाळीची असते.

मी मूळची सांगलीची, व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट. गेली नऊ वर्षं बंगळुरूला, के. आर. पुरमला राहते. घरात नवरा, आठ वर्षांची मुलगी आणि तीन वर्षांचा मुलगा. आजचा विषय आहे, ज्या आईबापांना दिवसात अर्धा तास सापडणं मुश्कील आहे, त्यांनी जिमची मेंबरशिप घ्यावी की घरी डंबेल्स आणावेत. मी दोन्ही केलंय. पेशंटना सल्ला देणं वेगळं आणि स्वतःच्या घरात ते जमवणं वेगळं, हे मला त्या दोन वर्षांत कळलं. त्यामुळे आज क्लिनिकमधलं थोडं आणि घरातलं जास्त सांगणार आहे.

धाकट्याच्या जन्मानंतर दीड वर्षाने माझी कंबर धरली. विनोद बघा, दिवसभर दुसऱ्यांच्या कमरा बघणारी मी, आणि मुलाला पाळण्यातून उचलताना मलाच टेबलाला हात टेकावा लागायचा. तपासणीत काही गंभीर निघालं नाही. दोन बाळंतपणांत आणि मधल्या जागरणांत स्नायूंची ताकद गेली होती, एवढंच. मूल महिन्या-महिन्याला जड होत होतं आणि मी होते तिथेच. उपाय मला माहीत होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत मोठ्या माणसांसाठी दोन गोष्टी सांगितल्यात. एक, आठवड्याला किमान दीडशे मिनिटं मध्यम गतीची हालचाल. दुसरी लोक विसरतात, ती म्हणजे आठवड्यातून किमान दोन दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंना ताकदीचा व्यायाम. मला ती दुसरी हवी होती.

मग सगळे करतात तेच केलं. जानेवारीत ऑफर होती, वर्षाची फी भरली, सोळा हजार आठशे रुपये. जिम चांगली होती, ट्रेनरही शहाणा होता. जिमबद्दल माझी तक्रार नाही. अडचण वेळेच्या हिशोबात होती, आणि तो मी फी भरायच्या आधी केलाच नव्हता.

जिम घरापासून दोन किलोमीटरवर, टिन फॅक्टरीच्या बाजूला. ज्यांना आमचा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. के. आर. पुरमचा तो तारांचा झुलता पूल, खाली रेल्वे, एका बाजूने जुना मद्रास रोड, दुसरीकडून आउटर रिंग रोड, आणि त्यात सिल्क बोर्डाकडे जाणाऱ्या मेट्रोचं काम चालू. संध्याकाळी सातला ते दोन किलोमीटर म्हणजे पंचवीस मिनिटं. स्कूटर लावायला, कपडे बदलायला दहा मिनिटं. आत गेल्यावर स्क्वॉटच्या रॅकपाशी रांग. प्रत्यक्ष व्यायाम चाळीस मिनिटं, परतीची वीस. घरातून निघून घरात येईपर्यंत एक तास पस्तीस मिनिटं, त्यातली चाळीस कामाची. आणि हा तास-दीड तास मुलांच्या जेवणाचा आणि झोपण्याचा. मी परत यायचे तेव्हा मुलीचं ताट धुऊन झालेलं असायचं. ती एकदा आपल्या बाबाला म्हणाली, "आई सोमवारी नसते आणि बुधवारी पण नसते ना?" तक्रार नव्हती हो, ती वारांचा हिशोब लावत होती. पण मला लागलं ते.

जिममध्ये हजेरी मशीनवर लागायची. वर्ष संपल्यावर मी मागून घेतली. जानेवारीत अकरा वेळा, फेब्रुवारीत नऊ, मार्चमध्ये चार, मुलाला ताप आला तो महिना शून्य. वर्षभरात अडतीस. सोळा हजार आठशे भागिले अडतीस म्हणजे एका खेपेला चारशे बेचाळीस रुपये पडले.

हे माझं एकटीचं नाही बरं का. स्टेफानो डेलाविन्या आणि उल्रिके माल्मेंडियर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २००६ साली एक निबंध प्रसिद्ध केला, त्याच्या नावाचा अर्थच ‘जिमला न जाण्याचे पैसे’ असा होतो. अमेरिकेत बोस्टनच्या परिसरातल्या तीन हेल्थ क्लबांमधल्या ७,७५२ सभासदांची तीन वर्षांची हजेरी त्यांनी तपासली. महिन्याला सत्तर डॉलरहून जास्त भरणारे सभासद सरासरी महिन्यातून ४.३ वेळा यायचे. म्हणजे खेपेला सतरा डॉलरच्या वर. तिथेच दहा खेपांचा पास घेतला असता तर दहा डॉलर पडले असते. फी भरताना आपण ज्या माणसाच्या नावाने भरतो तो उत्साही माणूस वेगळा, आणि मार्चमध्ये तापलेलं पोर मांडीवर घेऊन बसलेला माणूस वेगळा.

नूतनीकरणाचा मेसेज आला तेव्हा नवरा म्हणाला, "भर की, या वर्षी मी लवकर येत जाईन." मी म्हटलं, "तू लवकर ये, पण पैसे मी लोखंडाला देते."

आता लोखंडाचं सांगते, कारण इथे लोक पहिली चूक करतात. दोन-दोन किलोचे रंगीत डंबेल्स आणतात. अहो, दोन किलो म्हणजे दुधाच्या चार पिशव्या. तुमचं तीन वर्षांचं मूल चौदा किलोचं आहे, ते तुम्ही दिवसातून वीसदा उचलता. शरीराला दोन किलोचं काय कौतुक? महिन्याभरात ते डंबेल्स दाराला अडसर म्हणून वापरले जातात.

घ्यायचा तो प्लेट्स बदलता येणारा संच. मी घेतला त्यात दोन छोटे रॉड, अडीच किलोच्या आठ प्लेट्स आणि सव्वा किलोच्या चार, ओतीव लोखंडाच्या. साडेतीन हजारांच्या आसपास गेले. सिमेंट भरलेल्या प्लास्टिकच्या प्लेट्स स्वस्त मिळतात, पण त्या जाड असतात, रॉडवर कमी बसतात, आणि तडा गेला की घरभर भुकटी. रॉडचंही वजन असतं ते विसरू नका. स्वयंपाकघरातल्या काट्यावर माझा एक रॉड नटांसकट सव्वा किलो भरला. म्हणजे सव्वाच्या दोन प्लेट्स लावल्या की पावणेचार किलो, अडीचच्या दोन लावल्या की सव्वासहा, दोन्ही लावल्या की पावणेनऊ, अडीचच्या चार लावल्या की सव्वाअकरा, आणि सगळं लावलं की पावणेचौदा. हे आकडे मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेत.

तुमच्या मनातला प्रश्न मला माहितीये. पावणेचौदा किलोच्या दोन डंबेल्सने काय होणार? जिममध्ये तर लोक खांद्यावर ऐंशी किलो घेऊन बैठका मारतात.

याचं उत्तर दोन भागांत आहे. पहिलं असं, की स्नायू वाढायला अमुक किलोच लागतात असं नाही. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात २०१६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला. व्यायामाची सवय असलेले ४९ तरुण, बारा आठवडे. अर्ध्यांनी जड वजनाने आठ ते बारा आवर्तनं केली, अर्ध्यांनी हलक्या वजनाने वीस ते पंचवीस. दोन्ही गटांत स्नायूंची वाढ जवळजवळ सारखीच निघाली. पण त्यात एक अट होती, ती नीट ऐका. प्रत्येक सेट आणखी एकही आवर्तन होणार नाही इथपर्यंत नेलेला होता. हलकं वजन चालतं, हलका प्रयत्न चालत नाही.

घरी तुम्हाला अगदी शेवटापर्यंत जायची गरज नाही. एक-दोन आवर्तनं शिल्लक असताना थांबलात तरी पुरे. पण ती शिल्लक ओळखायची कशी? मोजू नका, वेग बघा. तुम्ही तेवढाच जोर लावताय आणि तरी डंबेल आपोआप सावकाश वर जायला लागला, की एक-दोनच उरली. बारावं आवर्तन पहिल्यासारखंच सटकन होत असेल तर वजन कमी आहे, कितीही घाम आला तरी. बंगळुरूत एप्रिलमध्ये नुसतं उभं राहिलं तरी घाम येतो. आणि हो, जोर लावताना श्वास कोंडू नका, वर ढकलताना सोडा. ज्यांना रक्तदाब आहे, किंवा बाळंतपणाला फार दिवस झाले नाहीत, त्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारा.

उत्तराचा दुसरा भाग पायांचा. हात-खांद्यांना पावणेचौदा किलो बराच काळ पुरतात, पण मांड्या बलदंड असतात. तिथे युक्ती अशी, की एका वेळी एकाच पायाला कामाला लावायचं. मागचं पाऊल पलंगाच्या कडेवर, पुढचा पाय जमिनीवर, दोन्ही हातात डंबेल, आणि सरळ खाली बसायचं. याला बल्गेरियन स्प्लिट स्क्वॉट म्हणतात. हिशोब करू. माझं वजन साठ किलो धरा, हातात पावणेनऊचे दोन म्हणजे साडेसतरा. एकूण साडेसत्त्याहत्तर. ढोबळमानाने चार-पंचमांश भार पुढच्या पायावर येतो असं धरलं तर त्या एका पायाला बासष्ट किलो. दोन्ही पायांच्या बैठकीत प्रत्येक पायाला बासष्ट द्यायचे तर एकूण एकशे चोवीस लागतील, म्हणजे खांद्यावर चौसष्ट किलोचा बारबेल. तो ठेवायला रॅक लागतो, रॅकला खोली लागते, आणि के. आर. पुरमच्या टू बीएचकेमध्ये ती खोली सासूबाईंची आहे. पहिल्या दिवशी मात्र हातात काही घेऊ नका. तोल जातो. भिंतीला बोट टेकवून करा, आणि गुडघ्यात कळ आली तर पुढचं पाऊल पलंगापासून थोडं लांब न्या.

आता माझा प्रत्यक्ष व्यायाम सांगते. चार प्रकार, दोन जोड्यांत.

पहिली जोडी स्प्लिट स्क्वॉट आणि एका हाताचं रोइंग. रोइंग म्हणजे एक हात खुर्चीवर टेकवून पाठ सपाट ठेवायची आणि दुसऱ्या हाताने डंबेल जमिनीवरून कमरेकडे ओढायचा, कोपर छताकडे. दुसरी जोडी आरडीएल आणि फ्लोअर प्रेस. आरडीएलमध्ये दोन्ही डंबेल्स मांड्यांना घासत खाली न्यायचे, गुडघे किंचित वाकलेले, आणि नितंब मागे ढकलायचे, जणू हात भरलेत म्हणून मागचं दार पार्श्वभागाने लोटताय. मांडीच्या मागे ताण आला की थांबा आणि वर या. पाठीला बाक आला तर फार खाली गेलात. मुलाला पाळण्यातून उचलण्याची हालचाल म्हणजे हीच, म्हणून माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाची. फ्लोअर प्रेस म्हणजे सतरंजीवर उताणं पडून डंबेल्स छातीवरून वर ढकलायचे. बाकडं लागत नाही, कोपर जमिनीला टेकलं की खांदा जास्त मागे जात नाही, त्यामुळे दुखऱ्या खांद्यांनाही सोसतं.

जोड्या का? पाय दमतात तेव्हा हात-पाठ काम करतात, त्यामुळे विश्रांतीचा वेळ वाया जात नाही. तीन मिनिटं अंग मोकळं करायचं. पहिल्या जोडीचा एक फेरा, दोन्ही पाय आणि दोन्ही हात धरून, सव्वातीन मिनिटांचा. असे तीन, म्हणजे दहा मिनिटं. दुसरी जोडी दोन्ही हातांनी एकदम होते म्हणून लवकर, अडीच मिनिटांचे तीन फेरे. एकूण वीस-एकवीस मिनिटं. आठवड्यातून तीनदा. जिमच्या एका खेपेच्या वेळेत माझे आठवड्याचे तिन्ही व्यायाम उरकून वर थोडा वेळ उरतो. डोक्यावर ढकलायचा प्रकार मी एका दिवशी फ्लोअर प्रेसच्या जागी घेते.

वजन कधी वाढवायचं? सोपा नियम सांगते. प्रत्येक सेटला आठ आवर्तनांपासून सुरुवात करा, तिन्ही सेटना बारा नीट झाली की पुढची प्लेट लावा, पुन्हा आठवर या. माझं रोइंग सव्वासहा किलोवर सुरू झालं. सातव्या आठवड्यात पावणेनऊ. सव्वाअकराला मात्र चार महिने लागले, मध्ये मुलांच्या सुट्ट्या होत्या, गाव होतं. सगळं कॅलेंडरवर लिहिते, गॅसच्या तारखेखाली.

खांद्याच्या व्यायामात मात्र हा नियम अडकतो. पावणेचारवरून एकदम सव्वासहा म्हणजे दीडपटीहून जास्त उडी. माझे पेशंट इथेच खांदा दुखवून येतात. मी अर्ध्या-अर्ध्या किलोच्या चार प्लेट्स वेगळ्या आणल्या, की मध्ये पावणेपाचची पायरी झाली. त्या मिळाल्या नाहीत तर आधीच्याच वजनावर अठरा-वीस आवर्तनांपर्यंत जा आणि मग उडी मारा.

आता घरी काय बिघडतं ते. पहिल्या आठवड्यात मी पहाटे पावणेसहाला डंबेल खाली ठेवला, आणि खालच्या मजल्यावरचे अंकल संध्याकाळी लिफ्टमध्ये भेटले. फार सज्जन माणूस, हसून म्हणाले, "स्वल्प अडजस्ट माडी, अम्मा." सतरंजीने आवाज थांबत नाही. जिममध्ये असते तसली जाड रबरी मॅट घ्या, फरशीही वाचते. दुसरं, रॉडचे नट. डंबेल मनगटात फिरला की नट सैल होतो, आणि फ्लोअर प्रेसमध्ये प्लेट तोंडाच्या दिशेने असते. प्रत्येक सेटआधी पिळून बघायचा, न चुकता. तिसरं, गोल प्लेट्स घरंगळतात. तीन वर्षांचं पोर मोकळं असताना मी डंबेल हातात घेत नाही. व्यायाम झाला की प्लेट्स काढून पलंगाखालच्या पेटीत जातात, आणि पेटीला कडी आहे.

याहून मोठी अडचण म्हणजे मूल उठतं. नऊव्या मिनिटाला "आईऽऽ" आली की जिममध्ये तुम्ही दोन किलोमीटर लांब असता, घरी नसता. मी आधी चिडायचे, आजचा दिवस गेला म्हणून सोडून द्यायचे. मग जोड्या फोडल्या. पहाटे पहिली, रात्री मुलं झोपल्यावर दुसरी. दहा मिनिटं दोनदा. स्नायूंना मधल्या पंधरा तासांचं काही वाटत नाही, आठवड्यात एकूण किती कसदार सेट झाले याचा हिशोब ते ठेवतात.

तसं घर आणि व्यायामशाळा हा वाद या गावाला नवा नाही. बंगळुरूत के. व्ही. अय्यर नावाचे व्यायामपटू होऊन गेले. त्यांनी इथे व्यायामशाळा चालवली, १९३० मध्ये ‘मसल कल्ट’ हे पुस्तक लिहिलं, आणि पोस्टाने व्यायामाचा अभ्यासक्रमही चालवला, ज्यांना शाळेत येणं शक्य नव्हतं त्यांच्यासाठी. एकाच माणसाने दोन्ही दुकानं थाटली होती.

मग जिम कोणी लावावी? माझ्या मते तिघांनी. ज्याला कधीच वजन उचलायची सवय नाही आणि आरशात बघूनही पाठीचा बाक कळत नाही, त्याने. पण त्याने वर्षाचे पैसे भरू नयेत. दोन महिन्यांचे भरावेत, चार-पाच हालचाली शिकाव्यात आणि यावं. दुसरा, ज्याला खरंच जड वजनं उचलायची हौस आहे. डंबेल्सवर दीड-दोन वर्षांनी पायांचा व्यायाम अडतो, नाकारण्यात अर्थ नाही. आणि वरून खाली ओढायचा व्यायाम घरी दारातला बार असल्याशिवाय होत नाही, आमच्या दाराची चौकट तो पेलेल असं मला वाटत नाही. तिसरा, ज्याची जिम वाटेवर आहे. आता तुमच्या ऑफिसच्या इमारतीत, किंवा अपार्टमेंटच्या तळमजल्यावर जिम असेल तर माझा वरचा सगळा हिशोब बदलतो. एक तास पस्तीस मिनिटांतली पंचावन्न रस्त्याची आणि कपड्यांची होती, तीच गेली तर काय राहिलं? म्हणून फी विचारायच्या आधी, ज्या वेळेला तुम्ही जाणार त्याच वेळेला, दोन संध्याकाळी नुसतं जाऊन या. घड्याळ लावून. आणि रॅकपाशी किती जण उभे आहेत ते मोजा.

त्या दीडशे मिनिटांचं राहिलं. ते डंबेल्सने होत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये आमची मेट्रो बैय्यप्पनहळ्ळीशी जोडली गेली, तेव्हापासून मी क्लिनिकला मेट्रोने जाते आणि घर ते स्टेशन झपाझप चालते. जाताना तेरा मिनिटं, येताना तेरा. सहा दिवसांचे एकशे छप्पन होतात.

माझी कंबर? तिसऱ्या महिन्यात टेबलाला हात लावणं सुटलं. धाकटा आता साडेचौदा किलोचा आहे आणि लिफ्ट बंद असली की वर नेताना मीच नेते, नवरा पिशव्या घेतो. कधी दुखत नाही असं नाही, प्रवास झाला की दुखते. परवा मुलगी माझ्या शेजारी दोन पाण्याच्या बाटल्या घेऊन रोइंग करत होती. पाठ सपाट होती तिची, माझ्यापेक्षा चांगली.

कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या, मला उठायला हवं. पुढच्या वेळी गुडघ्यांवर बोलू, त्यासाठी एक उशी जवळ घेऊन बसा. नमस्कार.